उंच पाण्याच्या टाकीची तपासणी आणि अहवाल: गंज, गळती आणि दुरुस्तीचा क्रम

ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या आरसीसी टाकीची तपासणी करायला पहिल्यांदा पाठवलं, की नवा अभियंता साधारण एकच करतो. जिथे जास्त पाणी ठिबकतं तिथले जास्त फोटो काढतो आणि अहवालात गळतीला पहिला नंबर देतो. गावाची तक्रारही गळतीचीच असते, त्यामुळे तो अहवाल सगळ्यांना पटतो. पण टाकीला खरा धोका बऱ्याचदा कोरड्या जागी असतो. कॉलमच्या कोपऱ्यावरची उभी, केसासारखी सुरू होऊन बोटाएवढी झालेली चीर पाण्याचा एक थेंबही दाखवत नाही. तपासणी कशी करायची, काय मोजायचं आणि दुरुस्तीचा क्रम कसा ठरवायचा, हे इथे एकाच नमुना टाकीवर पाहू.

नमुन्यासाठी महाराष्ट्रातल्या खेड्यात सर्रास दिसणारी टाकी घेतली आहे. क्षमता 1 लाख लिटर, गोल भिंत, वर घुमट, खाली सपाट तळ. आतला व्यास 6.5 मीटर, पाण्याची खोली 3 मीटर, जमिनीपासून तळापर्यंत 12 मीटर. सहा चौकोनी कॉलम, प्रत्येक 350 मिमी बाजूचा, आणि त्यांना बांधणाऱ्या आडव्या बीमचे तीन थर. वय तीस वर्षांच्या आसपास. आकडे नमुन्याचे असले तरी असे दोष या वयाच्या टाक्यांत वारंवार सापडतात.

जाण्याआधी

टाकी दोन अवस्थांत बघावी लागते. गळती दिसायला टाकी भरलेली हवी आणि आतून बघायला रिकामी हवी. म्हणून दोन दिवस मागून घ्या आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी वेळा आधीच ठरवा. टाकीचा खरा इतिहास बहुतेक वेळा याच माणसाला ठाऊक असतो: कुठला वॉल्व्ह घट्ट बसत नाही, आधी कधी प्लास्टर मारलं होतं, टीसीएल पावडर कुठे टाकतात. त्याच्याशी अर्धा तास बसून बोला आणि तो काय म्हणाला ते वहीत उतरवा.

सोबत लहान हातोडा, छन्नी, तारेचा ब्रश, व्हर्नियर कॅलिपर, चीर मोजायची पारदर्शक पट्टी, ओळंबा, टेप, खडू आणि फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण घ्या. सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट तर हवंच. चढण्याआधी शिडीचे खालचे पाच-सहा दांडे हातोड्याने ठोकून बघा आणि शिडी भिंतीला जिथे पकडली आहे ते बोल्ट बघा. दांडा गंजून पातळ झाला असेल तर चढू नका. दुसरी शिडी किंवा परांची मागवा आणि शिडी बदलण्याची गरज अहवालात लिहा.

टाकीच्या आत उतरताना जास्त जपा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. त्या दिवशी सकाळपासून पावडर टाकणं बंद ठेवायला सांगा, झाकण बराच वेळ आधी उघडा, आणि कमरेला दोर बांधून त्याचं टोक वर थांबलेल्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय उतरू नका. डोळे चुरचुरले किंवा घसा खवखवला तर त्याच क्षणी वर या.

पहिला दिवस: भरलेली टाकी, बाहेरून

शिडीजवळचा कॉलम एक नंबरचा धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सहाही कॉलमना खडूने क्रमांक घाला. हेच क्रमांक फोटोत आणि नकाशात ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा कोणी आला तर त्याला तीच चीर सापडली पाहिजे.

मग भिंतीवरचे आणि तळाखालचे ओघळ बघा. पांढरे ओघळ म्हणजे काँक्रीटमधून पाणी झिरपून चुना बाहेर येतोय. तांबूस ओघळ म्हणजे पाणी गजापर्यंत पोचलंय आणि गज गंजतोय. दोन्हींची नोंद वेगळी करा, कारण उपाय वेगळे आहेत.

चिरेची दिशा तिच्या रुंदीइतकीच महत्त्वाची असते. गोल टाकीत पाणी भिंतीला बाहेर ढकलतं आणि तो ताण भिंतीतले आडवे गोल गज घेतात. तळाजवळच्या भागात हा ताण मोठा असतो. तिथे उभी चीर दिसली आणि तिच्यातून तांबूस पाणी आलं, तर ताण घेणारा गजच खराब होतोय असं धरा. उलट, सगळ्या भिंतीभोवती एकाच उंचीवर पांढरी आडवी रेघ दिसली, तर ती बहुतेक बांधकामाच्या वेळचा सांधा असते, म्हणजे एका दिवशी काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू केलं ती जागा. दिसायला ती भयंकर वाटते, पण तिला बहुधा ग्राउटिंग पुरतं.

नमुना टाकीत 1.2 मीटर उंचीवर पांढरी आडवी रेघ होती. तळापासून अर्ध्या मीटरच्या आत दोन उभ्या चिरा होत्या आणि दोन्हींखाली तांबूस डाग. तळातून बाहेर पडणाऱ्या पाइपाभोवतीही सतत ठिबक होती, आणि ते पाणी बीमवरून तीन आणि चार नंबरच्या कॉलमवर उतरत होतं. ते कुठे जातं याचा माग जमिनीपर्यंत काढा. कॉलमच्या तपासणीत तो लागणार आहे.

गळती मोजायची कशी

"मोठ्या प्रमाणात गळती आहे" हे वाक्य अहवालात नको. गळती मोजता येते आणि मोजली की अनेकदा वेगळंच काही समोर येतं.

रात्री पाणी सोडून झालं की टाकी भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही वॉल्व्ह बंद करा आणि पाण्याची पातळी काठावरून टेपने मोजा. सकाळी त्याच जागेवरून पुन्हा मोजा. आपल्या टाकीचं आडवं क्षेत्रफळ 33.2 चौरस मीटर आहे, म्हणून पातळी 10 मिमी उतरली तर 332 लिटर पाणी गेलं. नमुन्यात आठ तासांत पातळी 45 मिमी उतरली. म्हणजे सुमारे 1,490 लिटर, आणि त्याच वेगाने दिवसाला जवळपास 4,480 लिटर.

आता दिसणारी गळती वेगळी मोजा. पाइपाभोवतीच्या ठिबकीखाली आणि ओघळांच्या टोकाला भांडं लावून घड्याळ बघा. नमुन्यात सगळं मिळून मिनिटाला 0.6 लिटर भरलं, म्हणजे दिवसाला 864 लिटर. उरलेले साडेतीन हजारांहून जास्त लिटर भिंतीतून जात नव्हते. घुमटाखालच्या बंद टाकीत बाष्पीभवनाने एवढं पाणी जात नाही. ते बाहेर जाणाऱ्या वॉल्व्हमधून गुपचूप गावाच्या पाइपलाइनमध्ये उतरत होतं. वॉल्व्ह बंद दिसत होता, पण घट्ट बसत नव्हता. वॉल्व्हच्या पुढच्या पाइपाला रात्री कान लावला की सूं असा आवाज येतो. खात्रीसाठी वॉल्व्हनंतर आंधळी फ्लँज लावून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

याचा अर्थ पाण्याच्या नुकसानीतला तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा एक वॉल्व्ह बदलून थांबणार होता आणि त्यासाठी टाकीला हात लावायची गरज नव्हती. ही चाचणी न करता संपूर्ण टाकीला आतून एपॉक्सी लावण्याचा प्रस्ताव गेला असता, तर खर्च होऊनही सकाळी पातळी जवळजवळ तितकीच उतरलेली दिसली असती.

कॉलम: ठोका, ऐका, उघडा

कॉलमवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. भरलेल्या टाकीत पाण्याचंच वजन 100 टन आहे, म्हणजे प्रत्येक कॉलमवर नुसत्या पाण्याचे सुमारे 17 टन. टाकीचं स्वतःचं वजन त्याच्यावर वेगळं.

जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत दर वीतभर अंतरावर हातोड्याने हलकं ठोकत जा. बाजारात मडकं वाजवून घेतात तसंच इथे आवाजावरून कळतं: चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, आतून सुटलेल्याचा बद्द. बद्द वाजलेला भाग खडूने आखून घ्या आणि त्याचं क्षेत्रफळ मोजा. वरच्या भागासाठी परांची लावून आडव्या बीमचे सांधेही असेच तपासा. कॉलमच्या पायाशी माती किंवा भराव चढला असेल तर अर्धा मीटर खणून बघा, कारण जमिनीच्या रेषेशी ओल टिकते आणि गंज तिथे लपून राहतो.

लोखंड गंजलं की त्याचं आकारमान काही पटींनी वाढतं आणि ते वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. म्हणून गंजामुळे पडलेली चीर गजाच्या रेषेतच जाते. कॉलमच्या कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर कोपऱ्याला समांतर उभी चीर दिसली तर आत गज गंजतोय, हे जवळपास नक्की समजा.

अशा एका जागी काँक्रीट छन्नीने काळजीपूर्वक काढा, पण टाकी भरलेली असताना नाही. गज उघडा पडला की तारेच्या ब्रशने गंज काढा, चकचकीत लोखंड लागेपर्यंत, आणि व्हर्नियरने उरलेला व्यास मोजा. इथे नव्यांचा अंदाज हमखास चुकतो. 16 मिमीचा गज 14 मिमी भरला तर "फक्त दोन मिमी गेलं" असं वाटतं. पण ताकद क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. 14 भागिले 16, त्याचा वर्ग 0.77. म्हणजे गजाचा 23 टक्के भाग गेला.

उभ्या गजाभोवतीच्या कड्या त्याहून बारीक असतात आणि बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून आधी त्या जातात. नमुना टाकीत तीन आणि चार नंबरच्या कॉलमवर 8 मिमीच्या कड्या दोन-दोन ठिकाणी पूर्ण तुटलेल्या होत्या. कड्या तुटल्या की उभ्या गजाला बाहेर फुगण्यापासून अडवणारं काही राहत नाही. माझ्या मते उभ्या गजाच्या 23 टक्के घटीपेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर आहे आणि अहवालात ती वेगळ्या वाक्यात आली पाहिजे.

तोडलेल्या ताज्या पृष्ठभागावरची धूळ फुंकून फिनॉल्फ्थॅलिन फवारा. काँक्रीटचा अल्कली गुण शाबूत असेल तिथे ते गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो गुण गेला असेल तिथे रंग येत नाही, आणि तिथे गजाला गंजापासून संरक्षण उरलेलं नसतं. रंगहीन थराची जाडी मोजा. नमुन्यात खराब कॉलमवर ती 45 मिमी होती आणि गज 30 मिमीवरच होता. चांगल्या कॉलमवर ती 15 मिमी होती, म्हणजे तिथे अजून वेळ आहे. रिबाउंड हॅमरचे आकडेही घ्या, पण त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग टणक होतो आणि हॅमर आतल्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो.

शेवटी ओळंबा सोडून कॉलम सरळ आहेत का ते बघा. कॉलम कललेला दिसला, उभा गज वाकून बाहेर आला असेल किंवा कॉलम-बीमच्या सांध्यात ताज्या चिरा असतील, तर अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी टाकी रिकामी करायला लेखी कळवा.

दुसरा दिवस: आतून

आत उतरल्यावर आधी वर बघा. पाण्याखाली कायम असलेलं काँक्रीट बहुधा ठीक असतं, कारण तिथे गजापर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो. घुमटाची खालची बाजू मात्र सतत वाफेने ओली असते आणि टीसीएल पावडर वरच्या झाकणातून टाकत असतील तर क्लोरीनही तिथेच कोंडतो. म्हणून गंजाची सगळ्यात वाईट जागा ही असते आणि खालून ती कोणालाच दिसत नाही.

नमुन्यात घुमटाच्या सुमारे 12 चौरस मीटर भागातलं काँक्रीट गळून गज लोंबत होते. 8 मिमीचे गज 5.5 मिमी उरले होते, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ गेलं होतं. अशा घुमटाला खालून मसाला लावून उपयोग नाही, नवा मसाला धरून ठेवायला लोखंडच उरलेलं नाही. तो तोडून नवा टाकायचा. घुमट पाण्याचं वजन उचलत नाही, त्यामुळे त्याच्यामुळे टाकी कोसळणार नाही. पण तुकडे पिण्याच्या पाण्यात पडतात आणि वर पाय ठेवणारा माणूस आत जाऊ शकतो. म्हणून घुमटावर चढायला बंदी आजपासून आणि नवा घुमट दुसऱ्या टप्प्यात.

पावडर टाकायची पद्धतही याच कलमात बदलायला सांगा. द्रावण करून ते खालच्या संपात किंवा चढत्या पाइपात सोडायचं. नाहीतर नवा घुमटही त्याच वाटेने जाईल.

क्रम लावताना

प्रत्येक दोषाला दोन प्रश्न विचारा: हा बिघडला तर माणसाला इजा होईल का, आणि हा दुसऱ्या कशाला बिघडवतोय का. पहिल्यावरून तातडी ठरते आणि दुसऱ्यावरून कामाचा क्रम. दोन्ही नेहमी जुळत नाहीत.

नमुना टाकीत नेमकं तसं झालं. तातडी कॉलमची, पण कॉलम खराब होण्याचं कारण पाइपाभोवतीची ठिबक. आधी कॉलमला जॅकेटिंग केलं आणि ठिबक तशीच राहिली तर नवं काँक्रीटही भिजत राहील. आधी गळती काढत बसलं तर तुटलेल्या कड्यांच्या कॉलमवर पूर्ण भार तसाच राहील. यातून वाट काढायला आधी भार कमी करायचा.

म्हणून पहिल्या आठवड्यात टाकी निम्मीच भरायची, दीड मीटरपर्यंत. त्याने 50 टन भार उतरतो आणि भिंतीवरचा ताणही घटतो. गावाला दिवसातून दोनदा भरून पाणी देता येतं. खाली कुंपण घालायचं, घुमटावर आणि टाकीखाली कोणाला जाऊ द्यायचं नाही, आणि तो वॉल्व्ह बदलायचा. यातल्या कशालाही मोठी निविदा लागत नाही.

दुसरा टप्पा टाकी पूर्ण रिकामी ठेवून, शक्यतो पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या आधी. तोवर गावाला पाणी कसं देणार, थेट पंपिंगने की तात्पुरत्या टाक्यांतून, हे अहवालातच लिहा. नाहीतर काम मध्येच थांबवून टाकी भरायला लावतात. या टप्प्यात आधी जुना घुमट उतरवायचा. मग आतून पाइपाचा सांधा आणि चिरा: व्ही आकाराची खाच, ग्राउटिंगचे नोझल, पॉलिमर मसाला आणि त्यावर पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं एपॉक्सी. गळणारी भिंत बाहेरून प्लास्टर करू नका. पाणी आतून ढकलतं, प्लास्टर सुटतं, आणि सुटेपर्यंत ते ओल गजाजवळच दाबून ठेवतं.

त्यानंतर कॉलम. टेकू देऊन एका वेळी एकच कॉलम उघडायचा. सुटलेलं काँक्रीट गजाच्या मागे बोटभर जागा होईपर्यंत काढायचं, गंज पूर्ण घासायचा, जिथे घट जास्त तिथे नवा गज आणि सगळीकडे नव्या कड्या, मग गंजरोधक लेप आणि मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट. गज किती वाढवायचे, जॅकेट किती जाड आणि टेकू किती भाराचे, हे स्ट्रक्चरल अभियंत्याने हिशोब करून ठरवायचं. तपासणीच्या अहवालात त्याचा अंदाज लिहून मोकळं होऊ नका. एक, दोन, पाच आणि सहा नंबरच्या कॉलमना आता फक्त संरक्षक लेप पुरेल. नवा घुमट कॉलम झाल्यावर टाकायचा आणि बाहेरचा रंग अगदी शेवटी.

अहवाल लिहिताना

पहिल्या पानावर निष्कर्ष द्या. सही करणारे अनेकजण तेवढंच वाचतात. नमुना असा:

"टाकी सध्या 1.5 मीटर पातळीपर्यंतच वापरावी. कॉलम क्र. 3 व 4 वर जमिनीपासून 0.4 ते 1.6 मीटर उंचीत गंजामुळे उभ्या चिरा असून कड्या प्रत्येकी दोन ठिकाणी तुटल्या आहेत व उभ्या गजाचे क्षेत्रफळ 23 टक्के घटले आहे. टाकी रिकामी करून टेकू देऊन दुरुस्ती आवश्यक. घुमटावर चढण्यास तत्काळ मनाई करावी. मोजलेल्या 4,480 लिटर प्रतिदिन घटीपैकी 864 लिटर दृश्य गळती असून उर्वरित घट वॉल्व्हमधून होत असल्याचे दिसते. वॉल्व्ह प्रथम बदलावा."

आतल्या पानांवर प्रत्येक दोषासाठी जागा, मोजमाप, फोटो क्रमांक, कारण आणि उपाय एकाच ओळीत यावेत. "टाकी जीर्ण झाली आहे" या वाक्याचं अंदाजपत्रक होत नाही. "कॉलम क्र. 3, उत्तरेचा कोपरा, चीर 1.2 मीटर लांब, 1.5 मिमी रुंद, ठोकल्यावर पोकळ" याचं होतं. परिमाणं चौरस मीटर, मीटर आणि किलोमध्ये द्या, म्हणजे चालू दरसूचीवरून दर लावता येतील. उघडून न पाहिलेल्या भागांची यादीही द्या, उदाहरणार्थ पाया. आणि काम सुरू झाल्यावर परिमाण वाढू शकतं हे स्पष्ट लिहा. सुटलेलं काँक्रीट काढायला लागलं की ते नेहमी दिसलं त्याहून जास्त निघतं.

काम संपल्यावर कशावरून ते झालं म्हणायचं, हेही अहवालातच ठरवून ठेवा. टाकी टप्प्याटप्प्याने भरायची, सात दिवस पाणी मुरू द्यायचं आणि पुढचे सात दिवस बाहेरची बाजू बघायची. या काळात बाहेर कुठेही गळती नसावी आणि पृष्ठभाग कोरडा दिसावा, अशी उंच टाक्यांसाठी आयएस 3370 ची अट आहे. रात्रभराची पातळी-चाचणीही त्याच आठवड्यात पुन्हा घ्या आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. ठेकेदाराचं अंतिम बिल या दोन नोंदींनंतरच पुढे पाठवा.